पैसे आले, पैठणी गेली

ऑर्डर ‘पेड’ दिसते, पण तिच्या नावावर माल राखलेलाच नाही. अशा वेळी काय करायचं, हा ऑनलाइन दुकानांतल्या कर्मचाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न आहे. बहुतेक जण आधी पैसे परत करायला धावतात. तिथेच गडबड होते.

वूकॉमर्सवर चालणारं पैठणीचं एक दुकान घेऊ. या प्रणालीत पैसे न भरलेल्या ऑर्डरसाठी माल राखायची मुदत मूळ सेटिंगनुसार 60 मिनिटं असते. समजा, एका गिऱ्हाइकाने 8 वाजता शेवटची पैठणी निवडली आणि यूपीआयने पैसे भरले. पण बँकेचा होकार अडकला. 9 नंतर राखण सुटली. सव्वानऊला दुसरीने तीच पैठणी घेतली, आणि साडेनऊला पहिलीचा होकार येऊन पोहोचला. आता पैठणी एक, पैसे दोघींचे.

कर्मचाऱ्याने आधी पेमेंट गेटवेच्या डॅशबोर्डवर त्याच ऑर्डरची रक्कम तपासावी. रेझरपेवर तिथे ‘captured’ दिसलं तर पैसे दुकानाच्या खात्यावर धरले गेले. ‘authorized’ असेल, तर होकार मिळालाय, पण दुकानाने ते अजून घेतलेले नाहीत.

मग ऑर्डरच्या नोंदी वाचाव्यात. ‘Stock levels reduced’ ही ओळ असेल, तर साठ्यातून एक नग आधीच वजा झालाय; हाताने पुन्हा वजा केला की हिशेब चुकलाच. त्यानंतर उठून कपाटात बघावं. पडद्यावर शून्य आणि कपाटात एक नग, असंही घडतं. नग असला तर त्यावर ऑर्डर क्रमांकाची चिठ्ठी लावावी नि ऑर्डरमध्ये तशी नोंद करावी.

नग नसेल तर दुसरीची पैठणी काढून पहिलीला देऊ नये. पहिलीला लगेच फोन करावा. दुसरा रंग चालेल का, विणकराकडून नवी येईपर्यंत थांबणार का, की पैसे परत हवेत, हे तिलाच ठरवू द्यावं.

इथे एक चुकीचं आश्वासन हमखास दिलं जातं: ‘पाच दिवसांत आपोआप परत येतील.’ रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या परिपत्रकातली ती मुदत, आणि उशीर झाल्यास दिवसाला 100 रुपयांची भरपाई, फसलेल्या व्यवहारांसाठी आहे. हा व्यवहार तर यशस्वी झालाय! रक्कम ‘captured’ असेल तर परतावा दुकानालाच काढावा लागतो, आणि तोही गेटवेतूनच. मालकाने घाईत स्वतःच्या फोनवरून पैसे पाठवले आणि दुसऱ्या कुणी गेटवेतूनही काढले, तर रक्कम दोनदा जाते. परताव्याचा क्रमांक गिऱ्हाइकाला कळवावा. बँकेत चौकशी करायला तो लागतो.

असं वरचेवर होत असेल तर पैसे भरायची मुदत राखणीच्या मुदतीपेक्षा कमी ठेवावी. बँकेचा उशिरा येणारा होकार मात्र त्याने थांबत नाही. म्हणून असे पेमेंट आपोआप स्वीकारायचे की परत पाठवायचे, हे गेटवेच्या सेटिंगमध्ये आधीच ठरवून ठेवावं लागतं.