मंगळ ‘सापडला’, त्याबद्दल दिलगीर

२० मार्च २०१८ रोजी जगभरच्या आकाशनिरीक्षकांना एक सूचना मिळाली. धनू राशीत, लगून आणि ट्रिफिड या दोन तेजोमेघांजवळ एक अतिशय तेजस्वी वस्तू अचानक दिसू लागली आहे. ८ मार्चला याच भागाचा फोटो घेतला होता, तेव्हा ती तिथे नव्हती. इतर निरीक्षकांनीही तिकडे पाहावे.

सूचना देणारे पीटर डन्सबी हे केप टाउन विद्यापीठातले विश्वरचनाशास्त्रज्ञ, आणि आकाशाचे फोटो काढणे हा त्यांचा छंद. स्फोट होणारा तारा काही तासांतच मंदावू शकतो, म्हणून अशा बातम्या ‘अ‍ॅस्ट्रॉनॉमर्स टेलिग्राम’ या सेवेवरून तातडीने पाठवतात. त्यांच्या सूचनेचा क्रमांक होता ११४४८.

ती वस्तू म्हणजे मंगळ होता!

चूक कशी झाली हे समजायला अवघड नाही. त्या दिवसांत मंगळ ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर रोज साधारण अर्धा अंश, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीएवढा सरकत होता. बारा दिवसांपूर्वी तो फोटोच्या चौकटीबाहेर असणार, यात नवल काहीच नाही. आकाशाचा नकाशा दाखवणाऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये तारीख टाकली असती तर मिनिटभरात उलगडा झाला असता.

सुमारे चाळीस मिनिटांनी सूचना क्रमांक ११४४९ आली. तिचा मजकूर दोन वाक्यांचा. आधीच्या सूचनेतली वस्तू मंगळ असल्याचे निष्पन्न झाले आहे. त्या सूचनेबद्दल आणि झालेल्या गैरसोयीबद्दल मनापासून दिलगीर आहोत. संपले.

या मजकुरात काय आहे यापेक्षा काय नाही ते पाहण्यासारखे आहे. रात्रभर जागरण झाले होते, घाई होती, मंगळ नेमका दोन तेजोमेघांच्या मधोमध आला होता, यातले अक्षरही नाही. आपल्याकडच्या ‘कुणाची गैरसोय झाली असल्यास’मधला ‘असल्यास’ही नाही, कारण गैरसोय झालेलीच होती. उलट, वाचणाऱ्याला लागणारी माहिती पहिल्याच वाक्यात आहे: कुठली सूचना चुकली आणि खरे काय. ती कळली की दुर्बीण तिकडे वळवणारा माणूस थांबतो. माफी दुसऱ्या वाक्यात आली, आणि हा क्रमच बरोबर. पक्षीनिरीक्षणाच्या किंवा नाणी जमवणाऱ्यांच्या गटात चुकीची ओळख जाहीर केलेल्यानेही आधी हेच सांगावे. ‘माझ्याकडून असे का झाले’ हे कुणी विचारले तर सांगता येते.

पुढे डन्सबींनी या प्रकाराकडे हसतहसतच पाहिले. टेलिग्रामच्या संपादकांनीही त्यांना ‘मंगळाचा शोध लावल्याबद्दल’ थट्टेचे प्रमाणपत्र दिले. मूळ सूचना कुणी पुसून टाकली नाही. ११४४८ आणि ११४४९ या दोन्ही सूचना त्या सेवेच्या नोंदींत लागोपाठ वाचता येतात.