एका छोट्या फ्रिजमध्ये आठवडाभराचं मटण-चिकन

एक दरवाजाच्या छोट्या फ्रिजमध्ये कच्चं चिकन जास्तीत जास्त दोन दिवस टिकतं, तेही आतलं तापमान ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी असेल तर. नॉबवरच्या आकड्यांवरून तापमान कळत नाही. पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर बुडवून तो रात्रभर मधल्या कप्प्यात ठेवला, की सकाळी खरं तापमान दिसतं.

तिघांच्या घरात सोमवार, गुरुवार आणि शनिवार पाळले जात असतील, तर रविवार, मंगळवार, बुधवार आणि शुक्रवार हेच सामिष जेवणाचे दिवस उरतात. रविवारी अर्धा किलो मटण आणि एक किलो चिकन आणलं, तर मटण त्याच दिवशी शिजवावं आणि चिकन लगेच फ्रीझरमध्ये टाकावं. ते बुधवारपर्यंत खालच्या कप्प्यात ठेवणं धोक्याचं आहे. चिकनचे अर्ध्या-अर्ध्या किलोचे दोन भाग करून पिशव्यांत हातानं चपटे पसरावेत. जाड गोळा मध्यापर्यंत गोठायला फार वेळ लागतो, आणि छोट्या फ्रीझरची ताकद मुळातच कमी असते.

मंगळवारी रात्री पहिली पिशवी झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घालून सर्वांत खालच्या कप्प्यात, भाजीच्या ड्रॉवरच्या वर ठेवावी. बुधवारी संध्याकाळपर्यंत चिकन सुटं होतं. दुसरी पिशवी गुरुवारी रात्री अशीच खाली येते. कच्च्याचा डबा नेहमी शिजवलेल्या पदार्थांच्या खाली असावा, कारण त्याचं पाणी गळून रश्शात पडलं तर जंतूही त्यात उतरतात. ओट्यावर तासन्‌तास ठेवलेल्या चिकनचा बाहेरचा भाग ऊबदार होतो आणि आत बर्फ तसाच राहतो. त्या उबेत जंतू झपाट्यानं वाढतात.

शिजवलेला रस्सा दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवा; कडक उन्हाळ्यात एका तासात. मोठं पातेलं तसंच ठेवलं तर रस्सा मध्यभागी बराच वेळ कोमट राहतो. म्हणून तो दोन-तीन उथळ डब्यांत काढावा, डबे थंड पाण्याच्या परातीत ठेवावेत आणि वाफ गेली की झाकण लावून आत टाकावेत. रविवारचं उरलेलं मटण बुधवारी दुपारपर्यंत संपवावं. शुक्रवारचं चिकन रविवारी दुपारी चालतं. खाताना लागेल तेवढाच रस्सा काढून चांगली उकळी आणावी, सगळा डबा पुन्हापुन्हा गरम करू नये.

वासावर विसंबणं ही इथली सर्वांत मोठी चूक. आंबूस वास किंवा बुळबुळीतपणा आला की मांस टाकून द्यावंच, पण आजारी पाडणारे जंतू वाढूनही मांसाला वास येत नाही. म्हणून डब्यावर तारखेची चिठ्ठी हवी. वीज गेली तर दार न उघडल्यास खालचा कप्पा साधारण चार तास थंड राहतो. त्याहून जास्त वेळ गेली तर तिथलं मांस, कच्चं असो वा शिजवलेलं, टाकून द्यावं.

शनिवारी फ्रीझरमध्ये मांस नसतं. तेव्हाच डीफ्रॉस्टचं बटण दाबून साचलेला बर्फ काढावा आणि कच्च्याचा कप्पा साबणाच्या पाण्यानं पुसून घ्यावा.