घरच्या भिंतीपुढे व्हिसाचा फोटो

अमेरिकेच्या व्हिसासाठी DS-160 हा ऑनलाइन अर्ज भरताना त्यात अर्जदाराचा फोटो अपलोड करावा लागतो. हा फोटो चौकोनी असतो. दोन्ही बाजू सारख्या, किमान 600 आणि कमाल 1200 पिक्सेलच्या, फाइल JPEG आणि 240 केबीच्या आत. फोटो गेल्या सहा महिन्यांतला हवा, पार्श्वभूमी पांढरी किंवा जवळपास पांढरी हवी. साध्या मोबाइलने घरच्या घरी असा फोटो काढता येतो, मात्र अंतर आणि उजेड या दोन गोष्टी जमायला हव्यात.

आधी अंतर. हात लांब करून काढलेल्या सेल्फीत नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. नाकाचे टोक कानांपेक्षा दहा-बारा सेंटीमीटर पुढे असते. मोबाइल चेहऱ्यापासून अर्ध्या मीटरवर असेल, तर एवढ्या फरकाने नाक प्रमाणापेक्षा वीस टक्क्यांहून जास्त मोठे उमटते. तोच मोबाइल दीड मीटरवर नेला की हा फरक सात-आठ टक्क्यांवर येतो आणि चेहरा ओळखीचा दिसू लागतो. म्हणून फोटो दुसऱ्याने, मागच्या कॅमेऱ्याने, दीड ते दोन मीटरवरून काढावा आणि मोबाइल अर्जदाराच्या डोळ्यांच्या उंचीवर धरावा. एवढ्या लांबून चेहरा लहान दिसतो, पण नंतर कापून घेण्याइतके पिक्सेल आजच्या मोबाइलमध्ये सहज असतात.

उजेडासाठी खिडकीसारखी दुसरी सोय नाही. अर्जदाराने खिडकीकडे तोंड करावे आणि पांढरी भिंत पाठीमागे ठेवावी. थेट ऊन नको. भिंतीला टेकून उभे राहिले की डोक्यामागे सावली पडते, म्हणून दोन-तीन फूट पुढे यावे. डोक्यावरच्या ट्यूबलाइटने डोळ्यांखाली काळे उमटते, फ्लॅशने कपाळ चकाकते, त्यामुळे दोन्ही बंद ठेवावेत. भिंत पिवळी किंवा आकाशी असेल, तर इस्त्री केलेली पांढरी चादर ताणून लावावी. ॲपने पार्श्वभूमी पुसून पांढरी करण्याचा मोह टाळलेलाच बरा. फोटोत फेरफार केलेला चालत नाही आणि पुसताना केसांच्या कडा कुरतडल्यासारख्या होतात, ते लगेच दिसते. पोर्ट्रेट मोड आणि चेहरा गुळगुळीत करणारा ब्यूटी मोडही याच कारणाने बंद हवा.

चष्मा 1 नोव्हेंबर 2016 पासून चालत नाही. रोजचा असला तरी उतरवावा लागतो. गांधी टोपी किंवा डोक्यावरचा पदरही काढावा. धार्मिक कारणाने रोज डोके झाकणाऱ्यांना सूट आहे, पण त्यांचाही चेहरा पूर्ण दिसायला हवा. पांढरा शर्ट किंवा मोतिया रंगाची साडी भिंतीत मिसळून जाते. गडद रंगाने खांदे उठून दिसतात. ओठ मिटलेले, डोळे उघडे, नजर थेट कॅमेऱ्यात. ‘हलू नका’ म्हटले की वयस्क माणसे जबडा आवळून धरतात. त्यांना एक श्वास सोडायला सांगावा आणि तो सुटल्याबरोबर चार-पाच फोटो घ्यावेत. त्यातला एक तरी सहज चेहऱ्याचा निघतो.

खरी चूक कापताना होते. नियम असा, की हनुवटीपासून केसांच्या माथ्यापर्यंतची उंची फोटोच्या 50 ते 69 टक्के असावी आणि डोळे तळापासून 56 ते 69 टक्के उंचीवर यावेत. समजा, मुलाकडे निघालेल्या आईचा फोटो काढला आणि त्यात हनुवटी ते माथा 900 पिक्सेल भरले. डोके 60 टक्के ठेवायचे, तर चौकोनाची बाजू 900 भागिले 0.6, म्हणजे 1500 पिक्सेल. डोळेही तळापासून 60 टक्क्यांवर, म्हणजे 900 पिक्सेलवर ठेवावेत. डोळे साधारण डोक्याच्या मध्यावर असतात, तेव्हा माथा 1350 वर येतो आणि वर 150 पिक्सेल मोकळे राहतात. हनुवटी 450 वर येते, तिच्याखाली मान आणि खांदे बसतात. हा चौकोन लहान करून 600 पिक्सेलवर आणला, की डोके 360 पिक्सेलचे होते आणि टक्केवारी तीच राहते.

आयफोनचा फोटो बऱ्याचदा HEIC प्रकारचा असतो, तो JPEG करून घ्यावा. व्हॉट्सॲपवरून पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, नाहीतर तो दाबला जाऊन अस्पष्ट होतो. छापील प्रत लागली, तर 600 पिक्सेलचा फोटो 300 डीपीआयने बरोबर दोन इंच होतो आणि 4 बाय 6 इंचांच्या एका प्रिंटवर सहा प्रती बसतात.

न कापलेला मूळ फोटो मात्र जपून ठेवावा. शेंगेन व्हिसासाठी 35 बाय 45 मिलिमीटरचा उभा फोटो लागतो आणि त्यात चेहरा बराच मोठा, 32 ते 36 मिलिमीटर उंचीचा असावा लागतो. लांबून घेतलेल्या मूळ फोटोतून तोही कापून घेता येतो. 600 पिक्सेलवर लहान केलेल्या चौकोनी फोटोतून कापला, तर पिक्सेल कमी उरतात.