वर्गमूळ छेदातून कसं निघतं

1/(1+√(x+1)) या वक्राखालचं, x = 0 पासून x = 3 पर्यंतचं क्षेत्रफळ काढायचं आहे. बारावीला इंटिग्रेशन शिकलेल्यांना असलं गणित ओळखीचं वाटेल. अडचण आहे ती छेदातल्या वर्गमुळाची. त्यावर उपाय असा, की अख्ख्या मुळालाच t म्हणायचं: t = √(x+1). नुसत्या x+1 ला t मानलं, तर छेदात √t उरतं आणि मूळ होतं तिथेच राहतं.

वर्ग केला की t² = x+1, म्हणून x = t² − 1. सगळं मर्म या ओळीत आहे. मुळाच्या आत x चा पहिलाच घात होता, त्यामुळे x वेगळा करताना पुन्हा मूळ घ्यावं लागलं नाही. आत x²+1 असतं, तर x = √(t²−1) आलं असतं; एक मूळ गेलं, दुसरं आलं. तिथे सहसा त्रिकोणमितीची मदत घ्यावी लागते.

आता dx. इथे dx च्या जागी dt लिहून चालत नाही, dx = 2t dt लिहावं लागतं. का, ते आकड्यांत पाहू. t जेव्हा 1 वरून 1.01 होतो, तेव्हा x सरकतो 0 वरून 0.0201 वर, म्हणजे साधारण दुप्पट. पण t जेव्हा 2 वरून 2.01 होतो, तेव्हा x 3 वरून 3.0401 वर जातो, म्हणजे जवळजवळ चौपट. हा बदलता ताण 2t मध्ये नोंदला जातो.

सीमाही बदलतात: x = 0 ला t = 1 आणि x = 3 ला t = 2. मग उरतं ते 1 ते 2 मधलं ∫ 2t/(1+t) dt. भागाकार केला की 2 − 2/(1+t). याचं इंटिग्रेशन 2t − 2 ln(1+t), आणि सीमा घातल्यावर उत्तर 2 − 2 ln 1.5, म्हणजे सुमारे 1.189.

हे बरोबर आहे का? वक्राची उंची 0 पाशी 1/2 आहे आणि उतरत उतरत 3 पाशी 1/3 होते. रुंदी 3. तेव्हा क्षेत्रफळ 1 आणि 1.5 यांच्या मध्येच असलं पाहिजे. 2t विसरलात तर 0.405 येतं. t च्या सूत्रात जुन्याच सीमा, 0 आणि 3, घातल्या तर 3.227 येतं. या दोन्ही चुका नेहमीच्या, आणि दोन्ही लगेच उघड्या पडतात. माझ्या मते हा अंदाज गणित सुरू करण्याआधीच समासात लिहून ठेवावा.

कधी छेदात √(x+1) च्या जोडीला x+1 चं घनमूळही असतं. तेव्हा t = √(x+1) घेतलं, तर घनमूळ मागे राहतं. म्हणून x+1 = t⁶ घ्यायचं: वर्गमूळ t³ होतं, घनमूळ t², आणि dx = 6t⁵ dt.