पालकाचा हिरवा रंग आणि हरवलेलं औषध

पालेभाजीतले कीटकनाशकांचे अंश शोधणाऱ्या माणसाची खरी डोकेदुखी म्हणजे भाजीचा हिरवा रंग. औषध असतं दहा किलोत एखादा मिलिग्रॅम, आणि त्याच्यासोबत हरितद्रव्य, साखर, आम्लं असा सगळा लवाजमा बाहेर येतो.

२००३ साली अनास्तासियादिस, लेहोटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली क्वेचर्स पद्धत इथे कामी येते. गोठवून बारीक केलेला १० ग्रॅम पालक नळीत घ्यायचा, त्यात १० मिलि ॲसिटोनायट्राइल घालून जोरात हलवायचं. हा द्रावक पाण्यात पूर्ण मिसळतो, म्हणून ओल्या पाल्यात खोलवर शिरतो. पण मग तो पाण्यापासून वेगळा कसा करायचा? त्यासाठी ४ ग्रॅम निर्जल मॅग्नेशियम सल्फेट आणि १ ग्रॅम मीठ. क्षार पाणी धरून ठेवतात, द्रावकाला पाण्यात जागा उरत नाही आणि तो औषधं घेऊन वर तरंगतो. मॅग्नेशियम सल्फेट पाणी शोषताना नळी चांगलीच तापते. क्षार घातल्यावर लगेच हलवलं नाही, तर त्याचे खडे होतात आणि पाणी नीट ओढलं जात नाही.

नळी सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवली की वरचा थर अजून हिरवागारच असतो. त्यातला १ मिलि घेऊन त्यात पीएसए नावाची भुकटी घालतात. ती साखर आणि स्निग्धाम्लं पकडते. हरितद्रव्यासाठी ग्राफाइटयुक्त कार्बन लागतो, आणि फसगत होते ती इथेच. हा कार्बन चपट्या रेणूंना चिकटतो. हरितद्रव्य चपटं, पण थायाबेंडाझोल हे बुरशीनाशकही चपटंच! अर्क स्वच्छ दिसला म्हणून खूश व्हावं, तर औषधच कार्बनसोबत गेलेलं असतं.

हे कळतं ते रिकव्हरीच्या तपासणीत. औषध न फवारलेला पालक घेऊन त्यात किलोला ०.१ मिलिग्रॅम या हिशेबाने, म्हणजे १० ग्रॅमला १ मायक्रोग्रॅम, औषध मुद्दाम घालायचं. समजा क्लोरपायरीफॉस ०.०९३ मिळालं आणि थायाबेंडाझोल ०.०४१. म्हणजे ९३ आणि ४१ टक्के. युरोपीय मार्गदर्शक नियमांत सरासरी ७० ते १२० टक्के मान्य असते, ४१ नापास. गळती नेमकी कुठे झाली? औषध भाजीत न घालता कार्बन टाकण्याआधीच्या अर्कात घालून पाहायचं. तरीही ४१ च्या आसपास आलं, तर दोषी कार्बनच. मग तो कमी करायचा, किंवा अर्कात थोडा टोल्युइन मिसळायचा, म्हणजे अडकलेलं औषध सुटतं. अर्क किंचित हिरवा राहिला तरी माझ्या मते चालेल. औषध गमावण्यापेक्षा ते बरं.

एक मर्यादा मात्र राहते. ग्लायफोसेटसारखं पाण्यातच रमणारं तणनाशक द्रावकासोबत वर येतच नाही. त्याला वेगळी पद्धत लागते. त्यामुळे भाजीचा तपासणी अहवाल हाती आला, तर 'आढळले नाही' एवढं वाचून थांबू नका. कोणकोणती औषधं शोधली होती, ती यादीही पाहा.