हार्वर्ड नाही, ॲरिझोना! एसओपीत हे कसं सांगाल?

समजा, सागाच्या खोडातल्या वर्तुळांवरून तुम्हाला जुन्या दुष्काळांचा अभ्यास करायचाय. त्यासाठी ॲरिझोना विद्यापीठाची ट्री-रिंग प्रयोगशाळा ही नेमकी जागा. खगोलशास्त्रज्ञ ए. ई. डग्लस यांनी ती १९३७ मध्ये सुरू केली.

पण म्हणून एसओपीत 'मोठ्या विद्यापीठांचं नुसतं नाव असतं' असं लिहू नका. वाचणारे प्राध्यापक कदाचित तिथेच शिकलेले असतील. तुलना टाळा, आपली अडचण सांगा: 'मी सागाची वर्तुळं मोजली, पण खोटी वर्तुळं ओळखताना अडलो. अनेक झाडांचे नमुने जुळवून प्रत्येक वर्तुळाचं साल ठरवायची डग्लस यांची पद्धत मला इथेच शिकायची आहे.'

आता त्याच उताऱ्यात दुसऱ्या विद्यापीठाचं नाव घालून बघा. तरीही तो चालला, तर कारण अजून कच्चं आहे.