चिल्लरीचा फोटो आणि दोन रुपयांचा फरक

गणेशोत्सव संपला की मंडळाची दानपेटी उघडतात, पैसे सतरंजीवर पसरतात आणि खजिनदार मोबाइलवर फोटो काढून समितीच्या ग्रुपवर टाकतात. मग कोणीतरी घरी बसून त्या फोटोवरून रक्कम काढायला घेतं. नोटा पटकन मोजून होतात. खरी कसोटी चिल्लरीत असते.

नोटांमध्ये गोंधळ कमी होतो, कारण त्यांचे रंग वेगळे आणि लांबीही वेगळी. नव्या मालिकेतली दहाची नोट 123 मिलिमीटर लांब, वीसची 129, शंभराची 142 आणि पाचशेची 150. नोटा पत्त्यांसारख्या पसरून प्रत्येकीचा आकडा दिसेल असं ठेवलं की काम झालं. एकावर एक रचलेला गठ्ठा मात्र फोटोवरून मोजता येत नाही. त्यात किती नोटा आहेत हे वरची नोट सांगत नाही.

नाण्यांचं तसं नाही. आपल्याकडे एकाच किमतीची वेगवेगळ्या आकारांची नाणी एकाच वेळी चलनात आहेत. 1992 पासून जवळजवळ वीस वर्षं निघालेला स्टीलचा रुपया 25 मिलिमीटर व्यासाचा होता. 2011 मध्ये रुपया 22 मिलिमीटरचा झाला आणि 25 मिलिमीटर हा व्यास दोन रुपयांच्या नव्या नाण्याला मिळाला. अलीकडच्या मालिकेत रुपया 20 आणि दोन रुपये 23 मिलिमीटरवर आले आहेत. म्हणजे जुना रुपया आणि 2011 नंतरचे दोन रुपये शेजारी ठेवले, तर आकारावरून ते ओळखू येत नाहीत. दहा आणि वीस रुपयांची नाणीही 27 मिलिमीटरचीच आहेत. पण दहाच्या नाण्याचं बाहेरचं कडं पिवळं आणि मधला भाग पांढरा असतो, वीसच्या नाण्यात नेमकं उलट, शिवाय त्याला बारा कोपरे असतात.

फोटोत मिलिमीटर मोजायचे कसे? नोटेचीच पट्टी करायची. फोटोत नव्या मालिकेतली दहाची नोट 615 पिक्सेल लांब दिसत असेल, तर 123 ने भागून एका मिलिमीटरला 5 पिक्सेल येतात. म्हणजे 25 मिलिमीटरचं नाणं 125 पिक्सेलचं, 20 मिलिमीटरचं 100 पिक्सेलचं. ही पट्टी फोटो अगदी वरून, सरळ काढलेला असेल तरच चालते. मोबाइल तिरका धरला की लांबची नाणी लहान दिसतात. 22 आणि 23 मिलिमीटरमध्ये फक्त 5 पिक्सेलचा फरक आहे, तो तिरकेपणात सहज हरवतो.

आता एक हिशेब करून पाहू. नोटा 25: पाचशेच्या 2, शंभराच्या 7, पन्नासच्या 3, वीसच्या 4, दहाच्या 9. त्यांचे 2,020 रुपये. नाणी 39. त्यात वीसचं 1, दहाची 6, पाचची 11, म्हणजे 18 नाण्यांचे 135 रुपये. उरली स्टीलची 21 नाणी. पहिल्या नजरेत मोठी 10 नाणी दोन-दोन रुपयांची आणि लहान 11 एक-एक रुपयाची धरली. त्यांचे 31 रुपये झाले आणि एकूण 2,186.

फोटो मोठा करून प्रत्येक नाण्यावरचा अंक वाचला, तेव्हा मोठ्या दहांपैकी दोन जुने रुपये निघाले. लहान 11 वर एकच अंक होता. मोठ्यांपैकी एका नाण्याची सिंहमुद्रा वर होती, अंक खाली दबलेला आणि ट्यूबलाइटची चकाकीही पडलेली. मग खात्रीची दोन रुपयांची नाणी 7, रुपयाची 13, त्यांचे 27 रुपये. खात्रीची रक्कम 2,182 आणि एक नाणं संशयित. खरी रक्कम 2,183 किंवा 2,184.

पहिला हिशेब चुकला तरी नगांची बेरीज बरोबर होती: नाणी 39, नोटा 25. म्हणून नग जुळले की हिशेब जुळला असं समजू नये. एखादं नाणं सुटलं किंवा दोनदा धरलं गेलं, तर नगांची संख्या बदलते आणि चूक पकडली जाते. रुपयाला दोन रुपये समजलं, तर नग तेवढेच राहतात आणि फक्त रक्कम फुगते. ही चूक दुसऱ्यांदा नुसते नग मोजून सापडत नाही. त्यासाठी अंकच वाचावा लागतो.

म्हणून फोटो काढण्यापूर्वी दोन कामं करावीत. नाण्यांच्या ढिगाऐवजी एकेरी रांगा लावाव्यात आणि प्रत्येक नाण्याची अंकाची बाजू वर करावी. फोटोवरून केलेल्या तक्त्यात मूल्य, नग आणि रक्कम अशा तीन रकान्यांखाली 'संशयित' अशी एक ओळ ठेवावी. वरच्या उदाहरणात त्या ओळीत '25 मिलिमीटर, 1 नग' एवढंच येईल. सतरंजीजवळ बसलेल्या खजिनदारांनी ते नाणं उलटून पाहिलं की तक्ता पुरा होतो. नोट खरी की खोटी, हे मात्र या तक्त्यातून कळत नाही. त्यासाठी ती हातात घेऊन उजेडासमोर धरावी लागते.